ट्रायल, रिव्ह्यू की मुलाखती? अभ्यासाच्या रचनेला जुळणारी रिपोर्टिंग चेकलिस्ट कशी निवडावी

पेपर जर्नलला पाठवताना सबमिशनच्या शेवटी एक फाइल मागतात: रिपोर्टिंग चेकलिस्ट. पुष्कळांना तिचे नाव तिथेच पहिल्यांदा कळते. मग विभागातल्या कुणाच्या तरी जुन्या पेपरची चेकलिस्ट मागवायची, तिच्यातले पान क्रमांक बदलायचे आणि मोकळे व्हायचे, असा शिरस्ता पडला आहे. जुना पेपर ट्रायलचा होता आणि आपला मुलाखतींचा आहे, हे रिव्ह्यूअरच्या लक्षात येते, आपल्या येत नाही.

चेकलिस्ट म्हणजे पेपरात काय काय लिहिलेले असले पाहिजे याची यादी. अभ्यास कसा करावा हे ती सांगत नाही, चांगला झाला की वाईट हेही ठरवत नाही. तरी ती फील्डवर्कच्या आधी उघडायची, कारण तिच्यातल्या निम्म्या मुद्द्यांची उत्तरे फक्त गावातच मिळतात. किती जणांनी मुलाखतीला नको म्हटले, वाटप कोणी केले, चिठ्ठ्या कुठे ठेवल्या होत्या, या गोष्टी त्या दिवशी लिहिल्या नाहीत तर वर्षभराने कुणालाच आठवत नाहीत.

समजायला सोपे जावे म्हणून एक काल्पनिक प्रकल्प घेऊ. वर्धा-यवतमाळच्या सीमेवरचे एक ग्रामीण मेडिकल कॉलेज, तिथला सामुदायिक वैद्यकशास्त्र विभाग. प्रश्न असा की, आशाताईंनी महिन्यातून एकदा घरी जाऊन बीपी मोजले आणि गोळ्यांची विचारपूस केली, तर रुग्णांचे बीपी आटोक्यात राहते का? या एका प्रकल्पातून तीन पेपर निघणार आहेत. पहिला गावांमधल्या ट्रायलचा, दुसरा रुग्णांच्या मुलाखतींचा आणि तिसरा याच विषयावर आधी झालेल्या अभ्यासांच्या सिस्टिमॅटिक रिव्ह्यूचा. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत.

आधी रचना ओळखा

पेपरच्या शीर्षकात 'ट्रायल' किंवा 'रिव्ह्यू' लिहिले म्हणून रचना ठरत नाही. ती ठरते आपण प्रत्यक्ष काय केले यावरून. म्हणून पुढचे प्रश्न स्वतःला याच क्रमाने विचारा.

पहिला प्रश्न: माहिती आपण माणसांकडून गोळा केली, की इतरांनी छापलेल्या अभ्यासांतून? छापलेल्या अभ्यासांतून घेतली असेल तर आपण रिव्ह्यूच्या घरात आहोत आणि यादी प्रिझ्मा. त्यातही एक फाटा आहे. ठराविक प्रश्नाचे उत्तर हवे असेल तर मूळ प्रिझ्मा, आणि या विषयावर काय काय काम झाले आहे एवढाच नकाशा काढायचा असेल तर स्कोपिंग रिव्ह्यूसाठीचे 2018 चे वेगळे जोडपत्र.

दुसरा प्रश्न: माणसांकडून घेतली असेल तर ती आकड्यांत आहे की बोलण्यात? बोलण्यात, म्हणजे मुलाखती किंवा गटचर्चा असतील, तर कोरेक. गावात राहून केलेले निरीक्षण किंवा कागदपत्रांचा अभ्यास असेल तर कोरेक अपुरी पडते. तिथे 2014 ची एसआरक्यूआर ही जास्त मोकळी, 21 मुद्द्यांची यादी बरी.

तिसरा प्रश्न: आकड्यांत असेल तर कुणाला काय मिळणार हे आपण ठरवले का? नसेल, नुसते पाहिले आणि मोजले असेल, तर ती ट्रायल नाही. गावातल्या सिकलसेलच्या रुग्णांचा सर्व्हे, ओपीडीतल्या केसपेपरवरून काढलेली माहिती, दोन वर्षे पाठपुरावा केलेला गट, या सगळ्यांना 2007 ची स्ट्रोब लागते. आपल्याकडच्या एमडीच्या थिसिसपैकी बहुतेक इथेच येतात, आणि गोंधळही इथेच जास्त होतो, कारण 'स्टडी' या एका शब्दाखाली सगळे खपते.

चौथा प्रश्न: आपणच ठरवले असेल तर कशाच्या आधारे? नशिबावर सोडले, म्हणजे कॉम्प्युटरने काढलेल्या क्रमाने किंवा चिठ्ठ्यांनी ठरवले, तरच रँडमाइज्ड ट्रायल आणि तरच कॉन्सॉर्ट. सोमवारी आलेल्यांना नवा सल्ला आणि गुरुवारी आलेल्यांना नेहमीचा, हे रँडमाइजेशन नाही. ग्रामीण रुग्णालयात तर ते उघडच चुकते. बाजाराच्या दिवशी आडगावचे लोक एसटीने येतात, भाजी विकून उरलेल्या वेळात ओपीडी गाठतात. बाकीच्या दिवशी येतात ते जवळचे. म्हणजे दोन गट मुळातच वेगळे झाले. 'एक सोडून एक' रुग्ण घेणे हेही तसेच, कारण पुढचा रुग्ण कोणत्या गटात जाणार हे नोंदणीवर बसलेल्या माणसाला आधीच माहीत असते.

रँडमाइज न करता दिलेल्या सार्वजनिक आरोग्याच्या उपाययोजनांसाठी 2004 ची ट्रेन्ड ही 22 मुद्द्यांची यादी आहे. ती वापरायला लोक लाजतात, जणू रँडमाइज केले नाही म्हणजे गुन्हा. विदर्भातलेच उदाहरण पाहा. डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीतला घरोघरी नवजात बाळांच्या देखभालीचा अभ्यास 1999 मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला. 39 गावांत उपाययोजना, 47 गावे तुलनेसाठी. गावांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. तरी नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी कमी झाल्याचा तो निष्कर्ष देशाच्या धोरणापर्यंत पोहोचला. आज कुणी असा अभ्यास केला तर त्याला कॉन्सॉर्ट लावणे चूक ठरेल. तिच्यातले क्रम कसा काढला, तो कसा लपवला, हे सगळे रकाने रिकामे राहतील, आणि दोन्ही गटांची गावे सुरुवातीला कितपत सारखी होती, फरक हिशेबात कसा धरला, हा खरा प्रश्न मात्र पुरेसा विचारलाच जाणार नाही.

ट्रायल: वाटणी माणसांची की गावांची?

आपल्या बीपीच्या प्रकल्पात वाटणी चिठ्ठ्यांनी केली आहे, तेव्हा कॉन्सॉर्ट. पण एवढ्यावर थांबू नका. वाटणी कशाची केली? रुग्णांची नाही, गावांची. एका आशाताईला 'या घरी जा, शेजारच्या घरी जाऊ नका' असे सांगता येत नाही. सांगितले तरी शेजारीण ओट्यावर येऊन बसतेच. म्हणून अख्खे गाव एका गटात टाकावे लागते. याला क्लस्टर रँडमाइज्ड ट्रायल म्हणतात, आणि तिच्यासाठी मूळ कॉन्सॉर्टच्या जोडीला 2012 चे क्लस्टर जोडपत्र लागते.

ग्रामीण भागात ट्रायल केली की ती बहुधा क्लस्टरच निघते, आणि हेच जोडपत्र सर्वात जास्त वेळा विसरले जाते. हे कसे ओळखायचे? पेपरात नमुन्याच्या आकाराचा हिशेब पाहा. तिथे गावांची संख्या नसेल, फक्त रुग्णांची असेल, तर लेखकाने साधी यादी वापरली आहे.

हिशेब करूनच बघू. नेहमीच्या गावांत 40 टक्के रुग्णांचे बीपी आटोक्यात असते आणि आशाताईंच्या भेटींनी ते 50 टक्क्यांवर जाईल अशी अपेक्षा आहे. 5 टक्के चूक आणि 80 टक्के पॉवर धरली, आणि रुग्ण सुटे सुटे वाटले, तर प्रत्येक गटात सुमारे 385 लागतात. पण एका गावातले रुग्ण एकमेकांसारखे असतात. तेच पाणी, तीच आशाताई, तेच औषधाचे दुकान. हे साम्य आयसीसी नावाच्या आकड्यात मोजतात. तो 0.02 धरला आणि दर गावी 50 रुग्ण घेतले, तर नमुना किती पटींनी वाढवायचा ते असे निघते:

```
1 + (50 - 1) × 0.02 = 1.98
385 × 1.98 ≈ 762
762 ÷ 50 = 15.2  →  16
```

म्हणजे 385 च्या जागी 762 आणि दर गटात 16 गावे, एकूण 32. आयसीसी नुसता 0.02, दिसायला नगण्य, पण त्याने नमुना जवळजवळ दुप्पट केला. म्हणून जोडपत्र सांगते की, गावांची संख्या, दर गावी किती माणसे आणि कोणता आयसीसी धरला हे तिन्ही लिहा. शिवाय अभ्यास झाल्यावर मुख्य निष्कर्षासाठी प्रत्यक्षात आयसीसी किती निघाला तोही द्या. पुढच्या माणसाला हिशेब करताना तोच उपयोगी पडतो.

आता क्लस्टर काय धरायचे ते. महसुली गाव धरणे सोपे वाटते, पण साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशाताई असते. मोठ्या गावात त्या दोन-तीन असतात, आणि छोटी दोन गावे मिळून एकच असू शकते. एकच ताई दोन्ही गटांत काम करू लागली तर दोन्ही गटांत फरकच उरणार नाही. तेव्हा आशाताईचे कार्यक्षेत्र किंवा उपकेंद्र हे क्लस्टर धरा आणि तेच का धरले हे एका वाक्यात लिहा. उपकेंद्र धरले तर सपाट भागात ते सुमारे 5000 लोकसंख्येचे आणि गडचिरोली-मेळघाटसारख्या आदिवासी, डोंगराळ भागात 3000 चे असते. क्लस्टर सारखे नसतील तर हिशेबात ते धरावे लागते. आपल्या उदाहरणात प्रत्येक गावाला एकच आशाताई आहे असे समजू.

यापुढचा मुद्दा नाजूक आहे. रुग्णांची नावे कधी नोंदवली? गावाला कोणता गट मिळाला हे कळल्यानंतर नोंदवली असतील, तर उपाययोजनेच्या गावात आशाताई उत्साहाने घरोघर फिरते आणि सौम्य बीपीवालेही वहीत येतात. तुलनेच्या गावात मात्र ज्यांना त्रास आहे तेवढेच येतात. पेपर वाचताना ही लबाडी, बहुधा नकळत झालेली, पहिल्या तक्त्यात पकडता येते. एका गटात सरासरी बीपी कमी, वय कमी, आधीपासून गोळ्या घेणारे कमी. जोडपत्र यासाठीच विचारते की माणसे कशी निवडली, संमती कुणाची घेतली, आणि गावांच्या वाटणीच्या आधी की नंतर. सरपंचांचे किंवा ग्रामसभेचे पत्र म्हणजे रुग्णाची संमती नव्हे. दोन्ही वेगळ्या लिहा.

फ्लो डायग्राममध्येही गावे आणि माणसे दोन्ही दाखवायची. आपल्या नमुन्यात तो असा निघेल: 36 गावे तपासली, 2 गावांत आशाताईचे पद रिक्त आणि 2 गावांचा नकार, म्हणून 4 वगळली. उरलेल्या 32 ची वाटणी 16 आणि 16. उपाययोजनेच्या 16 गावांत 812 रुग्ण नोंदले, 12 महिन्यांनी 731 चे बीपी मोजता आले. गळालेले 81 कुठे गेले? 12 वारले, 49 मजुरीला बाहेरगावी होते, 20 जणांनी पुन्हा मोजू दिले नाही. तुलनेच्या बाजूलाही हेच. या खान्यात नुसते 'संपर्क तुटला' लिहिले की वाचकाला काहीच कळत नाही. शेवटची मोजणी कापूस वेचणीच्या दिवसांत आली तर 49 चे 150 होतील, आणि गेलेले सगळे धडधाकट, कामाला जाणारे असतील. मग मागे उरलेल्यांचे बीपी काय सांगणार? म्हणून शेवटच्या मोजणीचे महिने पेपरात लिहाच, आणि शक्य असेल तर ती हंगाम टाळून ठेवा.

नोंदणीचे विसरू नका. भारतातल्या ट्रायलची नोंद सीटीआरआयमध्ये होते, आणि 1 एप्रिल 2018 पासून ती पहिला रुग्ण घेण्याआधीच करावी लागते. नंतर करायची सोय राहिलेली नाही. कॉन्सॉर्ट हा क्रमांक मागते आणि बरीच जर्नल्स तो नसेल तर पुढे वाचतही नाहीत. प्रोटोकॉल लिहितानाची यादी वेगळी आहे, तिचे नाव स्पिरिट. एथिक्स कमिटीकडे जाण्याआधी ती भरली तर कॉन्सॉर्टचे बरेच काम तिथेच होऊन जाते.

आवृत्तीही पाहा. कॉन्सॉर्ट 1996 मध्ये आली, 2001 आणि 2010 मध्ये सुधारली, आणि आता 2025 ची 30 मुद्द्यांची आवृत्ती चालू आहे. 2010 च्या आवृत्तीत 25 मुद्दे होते. क्लस्टरचे जोडपत्र 2010 च्या यादीवर बेतलेले असल्याने त्यातले मुद्द्यांचे क्रमांक 2025 च्या यादीशी जुळत नाहीत. गोंधळून जाऊ नका. मुख्य यादी 2025 ची भरा, जोडपत्रातले क्लस्टरचे मुद्दे खाली वेगळ्या तक्त्यात द्या.

मुलाखती: खोलीत आणखी कोण होते?

दुसरा पेपर. उपाययोजनेच्या गावांतल्या 24 रुग्णांच्या मुलाखती, गोळ्या का सुटतात हे समजून घेण्यासाठी. ट्रायलचाच भाग आहे म्हणून इथे पुन्हा कॉन्सॉर्ट लावणारे असतात. वेगळा पेपर, वेगळी रचना, म्हणून यादीही वेगळी: 2007 ची कोरेक. तिच्यात 32 मुद्दे तीन भागांत आहेत. आधी मुलाखत घेणारे कोण, मग अभ्यास कसा केला, मग विश्लेषण आणि निष्कर्ष.

पहिल्या भागातले आठ मुद्दे लोकांना उगाच वाटतात. मुलाखत कुणी घेतली, शिक्षण काय, स्त्री की पुरुष, अनुभव किती, समोरच्याशी आधीची ओळख होती का, त्याला आपल्याबद्दल काय माहीत होते. पण गावात याच गोष्टींनी उत्तर बदलते. कॉलेजचा डॉक्टर, गळ्यात ओळखपत्र, बाहेर रुग्णालयाची गाडी उभी, आणि तो विचारतो, 'काकू, गोळ्या रोज घेता ना?' काकू म्हणणार, 'हो जी, रोज.' तीच काकू दोन दिवसांनी, गावच्याच कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला सांगते, 'गोयी घेतली का डोक्स जड पडते. मंग मी सोडूनच देल्ली.' दोन्ही मुलाखती खऱ्या. वाचकाला मात्र कोणती कुणी घेतली हे कळले पाहिजे. म्हणून 'प्रशिक्षित मुलाखतकाराने मुलाखती घेतल्या' एवढ्याने भागत नाही. 'समाजकार्यात पदवी असलेल्या, त्याच तालुक्यातल्या एका महिला संशोधन सहायकाने घेतल्या. तिचा रुग्णांच्या उपचारांशी संबंध नव्हता', असे लिहा.

दुसऱ्या भागात माझ्या मते सर्वात मोलाचा मुद्दा पंधरावा आहे: मुलाखतीच्या वेळी आणखी कोणी हजर होते का? आपल्या गावांत कोणी नसतेच असे होत नाही. घर दाखवायला आशाताई आलेली असते आणि ती तिथेच बसते. गोळ्यांची विचारपूस करणे हे तिचेच काम, तिच्यासमोर कोण म्हणेल की गोळ्या नालीत टाकल्या? सून बोलत असेल तर सासू दारात असते. यावर उपाय असा की, मुलाखतीच्या वहीत प्रत्येक नोंदीच्या वर दोन ओळी ठेवायच्या: जागा कोणती, आणि कोण कोण कधीपासून कधीपर्यंत होते. मग पेपरात लिहिता येते की 24 पैकी 9 मुलाखतींत घरचे कोणीतरी होते, आशाताई घर दाखवून परत गेल्या. त्या नऊ मुलाखतींचा सूर वेगळा आहे का, हे विश्लेषणात पाहून तेही सांगा.

तेरावा मुद्दा नकाराचा. किती जणांना विचारले, किती नको म्हणाले, का? इथे 'कुणीही नकार दिला नाही' वाचले की मला शंका येते. बहुधा आशाताईने आधीच होकारवाली घरे निवडलेली असतात. तसे असेल तर तसे लिहा, कारण मग निवड कशी केली या मुद्द्याचे उत्तरही बदलते.

बाविसावा मुद्दा सॅच्युरेशनचा, म्हणजे नवीन काही निघेनासे झाले का. प्रत्येक पेपरात 'सॅच्युरेशन झाले' हे वाक्य असते आणि कसे ठरवले हे क्वचितच असते. लिहायचे असेल तर असे लिहा: विसाव्या मुलाखतीनंतर कोड वाढले नाहीत, तरी चार मुलाखती आणखी घेतल्या. विश्लेषणाची पद्धतच अशी असेल की तिच्यात सॅच्युरेशनला अर्थ नाही, उदाहरणार्थ रिफ्लेक्झिव्ह थीमॅटिक पद्धत, तर रकान्यात 'लागू नाही' आणि पुढे कारण. उतारे सहभागींना परत दाखवले का, या मुद्द्याचेही तसेच. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या हातात टाइप केलेला कागद देऊन काय होणार? वाचून दाखवले असेल तर तसे सांगा, दाखवले नसेल तर 'नाही' लिहा. 'नाही' लिहिल्याने पेपर परत येत नाही. खोटे 'होय' पकडले गेले तर येतो.

एक उणीव मात्र कोरेकमध्ये आहे. भाषांतरासाठी तिच्यात वेगळा मुद्दा नाही. आपल्याकडे मुलाखत वऱ्हाडीत, उतारा मराठीत, कोड इंग्रजीत आणि पेपरातले अवतरण पुन्हा इंग्रजीत असे होते. कोणत्या टप्प्यावर कोणी भाषांतर केले, कोड मूळ उताऱ्यावर लावले की भाषांतरावर, दुसऱ्या कुणी ते ताडून पाहिले का, हे यादीने विचारले नाही तरी पद्धतीच्या भागात लिहाच. आणि अवतरणाखाली नाव नको, पण 'सहभागी 7, स्त्री, 58 वर्षे' एवढी ओळख हवी. लहान गावात वय, जात आणि व्यवसाय तिन्ही दिले की माणूस ओळखू येतो, तेव्हा हात आखडता घ्या.

सिस्टिमॅटिक रिव्ह्यू: बेरीज-वजाबाकी जुळली पाहिजे

तिसऱ्या पेपरला 2020 ची प्रिझ्मा, 27 मुद्द्यांची. सर्च करण्याआधी रिव्ह्यूंची नोंदणी जिथे होते त्या प्रोस्पेरोवर नोंद करा आणि प्रोटोकॉलसाठी प्रिझ्मा-पी पाहा. यातल्या बऱ्याच मुद्द्यांना फार विचार लागत नाही. दोन ठिकाणी मात्र हमखास अडते.

पहिले ठिकाण सर्चचे. 'हायपरटेन्शन, आशा असे शब्द वापरले' हे पुरत नाही. प्रत्येक डेटाबेसमध्ये टाकलेली ओळ जशीच्या तशी, तारखेसह द्यायची, जेणेकरून कुणीही ती चिकटवून तोच सर्च पुन्हा करू शकेल. पबमेडची ओळ साधारण अशी असेल:

```
("Hypertension"[Mesh] OR hypertens*[tiab])
AND ("Community Health Workers"[Mesh]
  OR "community health worker*"[tiab]
  OR "accredited social health activist*"[tiab])
```

ही ओळ सर्च केला त्याच दिवशी फाइलमध्ये उतरवून ठेवा. सहा महिन्यांनी आठवून लिहिलेली ओळ टाकून पाहिली की आकडा वेगळा येतो, आणि तो का आला हे कुणालाच सांगता येत नाही.

दुसरे ठिकाण फ्लो डायग्रामचे. इथे तीन गोष्टी वेगळ्या धरायच्या. सर्चमध्ये दिसलेली नोंद म्हणजे रेकॉर्ड, हातात घेऊन वाचलेला पेपर म्हणजे रिपोर्ट, आणि प्रत्यक्ष झालेला अभ्यास म्हणजे स्टडी. एकाच अभ्यासाचे दोन-तीन पेपर असतात, म्हणून शेवटचे दोन आकडे बहुधा वेगळे येतात. आपला नमुना: 1412 रेकॉर्ड मिळाले, 388 दुबार निघाले, उरलेल्या 1024 ची शीर्षके आणि सारांश वाचले, 937 वगळले. 87 पेपर मागवले, 9 मिळाले नाहीत, 78 पूर्ण वाचले, 61 वगळले. राहिले 17 पेपर, म्हणजे 15 अभ्यास. कॅल्क्युलेटर घेऊन प्रत्येक पायरीची वजाबाकी करा. रिव्ह्यूअर सर्वात आधी तेच करतो. आणि त्या 61 ची कारणे वर्गवारीने द्या. त्यातले जे पेपर पात्र असावेत असे कुणालाही वाटेल, पण आपण वगळले, त्यांची नावे आणि कारण प्रिझ्मा स्वतंत्रपणे मागते.

'हा रिव्ह्यू प्रिझ्मानुसार केला' असे वाक्य सर्रास दिसते. प्रिझ्मानुसार रिव्ह्यू लिहिला जातो, केला जात नाही. निवडलेले अभ्यास कितपत भरवशाचे हे तपासायला वेगळी साधने लागतात, उदाहरणार्थ रँडमाइज्ड ट्रायलसाठी कॉक्रेनचे आरओबी-2. म्हणूनच '27 पैकी 24 मुद्दे पूर्ण, म्हणजे उत्तम दर्जा' असे गुण देत बसू नका. कोरेक आणि कॉन्सॉर्टलाही हेच लागू आहे.

रकाना भरताना

सगळ्या याद्या इक्वेटर नेटवर्कच्या equator-network.org या संकेतस्थळावर मोफत मिळतात. तिथे `CONSORT cluster`, `PRISMA 2020` किंवा `COREQ` असे शोधा. यादीसोबत प्रत्येक मुद्द्याचे स्पष्टीकरण देणारा लांबलचक लेख असतो. यादीतली एक ओळ कळली नाही की अंदाज करण्याऐवजी त्या लेखातला तेवढाच परिच्छेद वाचा. तिथे चांगल्या पेपरांतले नमुनेही दिलेले असतात.

रकान्यात 'होय' लिहू नका. पान क्रमांकही बेभरवशाचे, कारण जर्नलच्या साच्यात गेले की पाने बदलतात. 'पद्धती, तिसरा परिच्छेद' किंवा 'तक्ता 2' असे लिहा. आणि हे काम दोघांनी करा. एकाने यादी वाचायची, दुसऱ्याने पेपरात ते वाक्य बोटाने दाखवायचे. लेखकाला स्वतःच्या डोक्यात असलेले कागदावरही आहे असे वाटत राहते, दुसऱ्याला वाटत नाही.

कधी कधी जर्नलच चुकीची यादी मागते. सबमिशनच्या पानावर 'ट्रायल' निवडले की यंत्रणा साधी कॉन्सॉर्ट पुढे करते, किंवा रँडमाइज न केलेल्या अभ्यासालाही तीच मागते. अशा वेळी नको ते रकाने ओढूनताणून भरण्यापेक्षा जुळणारी यादी जोडा आणि संपादकांच्या पत्रात दोन ओळी घाला: आमच्या अभ्यासात गावांची वाटणी रँडम नव्हती, म्हणून ट्रेन्ड जोडली आहे, कॉन्सॉर्ट हवीच असल्यास कळवावे, लागू नसलेले मुद्दे कारणांसह नोंदवून पाठवू.